गोळ्यांची पिशवी आणि तारखा: म्हातारपणातली औषधं तपासताना

पाच किंवा त्याहून जास्त औषधं रोज चालू असली की पॉलिफार्मसी म्हणायचं, ही व्याख्या परीक्षेत लिहा आणि मार्क घ्या. वॉर्डात किंवा गावात मात्र नुसता आकडा मोजून फारसं हाती लागत नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या, शुगर आणि बीपी असलेल्या आजोबांना सहा औषधं लागू शकतात आणि सहाही योग्य असू शकतात. दुसरीकडे तीनच गोळ्या घेणारी आजी त्यातल्या एकीमुळे पडून मांडीचं हाड मोडून घेते. म्हणून या नोट्समध्ये मी एकाच गोष्टीवर थांबणार आहे. एका औषधाचा त्रास नवा आजार समजला जातो, त्यावर दुसरं औषध येतं, दुसऱ्याच्या त्रासावर तिसरं येतं. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या दोन डॉक्टरांनी १९९० च्या दशकात याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड असं नाव दिलं. आपण साखळी म्हणू.

ही साखळी शोधायला महागडी तपासणी लागत नाही. कोणतं औषध कधी सुरू झालं आणि कोणती तक्रार कधी सुरू झाली, एवढ्या तारखा लागतात. डॉक्टरांकडे पेशंट पाच मिनिटं असतो, तारखा त्यांच्यासमोर येतच नाहीत. त्या मिळतात घरात, पिशवीत, सुनेच्या बोलण्यात. म्हणून हे काम नर्सच्या वाट्याचं आहे असं मी ठामपणे मानते.

म्हाताऱ्या शरीरात औषध वेगळं का वागतं

यातलं थोडंच लक्षात ठेवलं तरी पुरे. वय वाढतं तसं शरीरातलं पाणी कमी होतं, चरबीचं प्रमाण वाढतं आणि किडनीचा वेग मंदावतो. त्यामुळे तीच गोळी जास्त वेळ शरीरात राहते. उभं राहिल्यावर रक्तदाब पटकन सावरून धरण्याची ताकद कमी झालेली असते. मेंदू औषधांना जास्त हळवा होतो. चाळिशीतल्या माणसाला ज्या गोळीने नुसती सुस्ती येते, तीच पंच्याहत्तरीत गोंधळ उडवते.

किडनीबद्दल एक हिशेब मात्र हातानं करून बघाच, कारण रिपोर्ट इथे फसवतो. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. म्हातारपणी स्नायूच झिजलेले असतात, त्यामुळे किडनी मंद असली तरी आकडा नॉर्मल दिसतो. कॉक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र असं:

(१४० − वय) × वजन ÷ (७२ × क्रिएटिनिन), बाई असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचं.

आजी ७४ वर्षांची, वजन ४५ किलो, क्रिएटिनिन १.१. वरचा गुणाकार ६६ × ४५ म्हणजे २९७०, खालचा ७२ × १.१ म्हणजे ७९.२. भागाकार ३७.५, त्याला ०.८५ ने गुणलं की जेमतेम ३२ मिली प्रतिमिनिट. लॅबच्या रिपोर्टवर १.१ पुढे कुठलीही खूण नसते, आणि किडनी तरुण माणसाच्या निम्म्यानेही काम करत नसते. हे सूत्र क्रिएटिनिन स्थिर असेल तेव्हाच चालतं. जुलाब, ताप, उन्हाचा झटका अशा वेळी आकडा रोज बदलत असतो, तेव्हा या उत्तरावर विसंबू नका.

पिशवी कशी तपासायची

पुढची केस शिकवण्यासाठी जुळवलेली आहे, पण तिच्यातली एकेक कडी बीड, हिंगोली, जालना भागात काम केलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल.

आजी बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या. दोन्ही मुलं आणि सुना दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तेवढे महिने घरी आजी आणि सातवीतला नातू. मे महिन्यात आजी रात्री लघवीला उठल्या आणि उंबऱ्याजवळ पडल्या. हाड वाचलं. थोरला मुलगा म्हणतो, "गेलो तेव्हा आई शेळ्या राखत होती. आलो तर हात थरथरतोय, पाय ओढत चालते, बोललेलं विसरते." शेजारी म्हणतात वय झालं. मुलाचं हे वाक्य सोन्याच्या मोलाचं आहे. रोज बघणाऱ्याला हळूहळू झालेला बदल दिसत नाही, पाच महिन्यांनी आलेल्याला दिसतो. सहा महिन्यांत कुणी एवढं म्हातारं होत नसतं, हे मनात ठेवून पिशवी मागायची.

मागताना "औषधं दाखवा" म्हणालात तर चालू महिन्याची चार पाकिटं पुढे येतात. त्याऐवजी असं विचारा: "आजी, घरात जेवढ्या म्हणून गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या आणा. कोनाड्यातल्या, पेटीतल्या, संपत आलेल्या, बंद केलेल्या. डोळ्यांचे थेंब, गुडघ्याचं मलम, कुणी दिलेली पुडी, काढा, सगळं." पुडीचं मुद्दाम विचारायचं. सांधेदुखीसाठी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइड निघतं. अशी पुडी महिनोन्‌महिने घेणाऱ्या माणसाला "आजपासून बंद करा" म्हणणं धोक्याचं असतं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. पुडी सापडली की ती सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवायची.

आजींच्या पिशवीतून आठ प्रकारची पाकिटं निघाली. कोणती कशाची हे विचारल्यावर आजी म्हणाल्या, "मला काय कळतंय माय, हे लेकरूच देतंय. पांढरी सकाळची, तांबडी जेवल्यावर." लेकराला रंग पाठ होते. मेडिकलवाल्यानं कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि नवी गोळी जुनीच्या जोडीला सुरू होते.

आता पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडायचं आणि खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वहीत उतरवायचं. चष्मा किंवा मोबाइलचा टॉर्च लागला तरी चालेल, ही पायरी गाळू नका. उतरवल्यावर यादी अशी झाली:

शुगरसाठी मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ, दोनदा. बीपीसाठी सरकारी दवाखान्यातून ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ, सकाळी. खाजगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ यांची एकत्र गोळी, सकाळी. गुडघ्यासाठी ॲसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५, दोनदा. ॲसिडिटीसाठी रॅबेप्रॅझोल २० आणि लेव्होसल्पिराइड ७५ यांची कॅप्सूल, उपाशीपोटी. सुजेसाठी फ्युरोसेमाइड ४०, सकाळ-संध्याकाळ. चक्करसाठी सिनारिझिन २५, तीनदा. थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिग्रॅ, दोनदा.

पाकिटं आठ, आतली औषधं दहा, दिवसाच्या गोळ्या चौदा. ॲम्लोडिपिन दोन नावांनी दोनदा येतंय, म्हणजे आजी ५ ऐवजी १० मिग्रॅ घेतायत आणि हे कुणी ठरवून दिलेलं नाही. सरकारी दवाखान्याला खाजगी चिठ्ठी माहीत नाही, खाजगी डॉक्टरांना सरकारी गोळी माहीत नाही, आणि आजी दोन्ही डॉक्टरांचा मान राखून दोन्ही घेतायत.

तारखा लावल्या की साखळी दिसते

यादी झाली की प्रत्येक औषधापुढे महिना लिहायचा. चिठ्ठीवर तारीख असते. चिठ्ठी हरवली असेल तर सण विचारायचा: "ही दिवाळीच्या आधीची का नंतरची? संक्रांतीला होती का?" गावात तारखेपेक्षा सणाचं उत्तर जास्त खात्रीचं मिळतं. शेजारच्या रकान्यात तक्रारी आणि त्यांचे महिने.

ऑक्टोबरपर्यंत आजी दोनच औषधांवर होत्या, मेटफॉर्मिन आणि ॲम्लोडिपिन ५. दवाखान्याच्या कार्डावर बीपी १३६/८०. नोव्हेंबरमध्ये गुडघा धरला. ॲसिक्लोफिनॅकची गोळी पाच दिवसांसाठी दिली होती. आराम पडला म्हणून नातू तेच रिकामं पाकीट दाखवून मेडिकलमधून आणत राहिला. डिसेंबरमध्ये छातीत जळजळ सुरू झाली आणि त्याच भेटीत बीपी १६८/९० निघालं. दोन्हीचं मूळ त्या एका गोळीत आहे. ॲसिक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं पोटाचं अस्तर दुखावतात, आणि किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात, त्यामुळे बीपी चढतं. पण जळजळीवर कॅप्सूल आली आणि बीपीवर एकत्र गोळी आली.

जानेवारीच्या शेवटी दोन्ही पायांवर सूज. ॲम्लोडिपिनने पायांवर सूज येते, आणि १० मिग्रॅला ती ५ पेक्षा बरीच जास्त जणांना येते. बारीक धमन्या सैल होतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. ही सूज शरीरात मीठ-पाणी साठल्याची नसल्यामुळे लघवीची गोळी देऊन ती नीट उतरत नाही. वेदनाशामकाचाही थोडा हात असणार. तरी फ्युरोसेमाइड सुरू झालं, आणि दुसरा डोस संध्याकाळी असल्याने आजी रात्री चार-पाच वेळा उठू लागल्या.

फेब्रुवारीत चक्कर. उठल्यावरच येते, पडून असताना येत नाही. दोन बीपीच्या गोळ्या, वर पाणी काढणारी गोळी. उभं राहिल्यावर दाब घसरत होता. पण चक्कर या शब्दावर सिनारिझिन आलं.

एप्रिलमध्ये थरथर, पाय ओढणं, चेहरा कोरा. इथे दोन औषधं एकमेकांना मिळाली. लेव्होसल्पिराइड आणि सिनारिझिन दोन्ही मेंदूत डोपामिनची वाट अडवतात. म्हातारपणी डोपामिन आधीच कमी झालेलं असतं, त्यामुळे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पार्किन्सनसारखी लक्षणं दिसतात. लेव्होसल्पिराइड ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लपलेलं असल्यामुळे त्याचा संशयच येत नाही. "ती तर गॅसची गोळी आहे" असं घरचे म्हणतात, आपल्यातलेही म्हणतात. एवढ्या एका मिश्रणाकडे तरी नेहमी डोळे उघडे ठेवा. आपल्याकडे ते सर्रास लिहिलं जातं आणि वर्षानुवर्षं चालू राहतं.

थरथरीवर ट्रायहेक्सिफेनिडिल आलं. ते ॲसिटिलकोलिनला अडवतं, म्हणून तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, लघवी तुंबते, आणि म्हातारपणी विसरभोळेपणा आणि गोंधळ वाढतो. मे महिन्यात आजी गोंधळलेल्या, मंद, चक्कर येणाऱ्या आणि रात्री चार-पाचदा उठणाऱ्या होत्या. त्या पडल्या नसत्या तरच नवल.

सुरुवात कुठे झाली? गुडघेदुखीच्या पाच दिवसांच्या गोळीत. आणि मधली प्रत्येक चिठ्ठी त्या दिवशीच्या तक्रारीपुरती बघितली तर चुकीची वाटत नाही. म्हणूनच नियम असा धरायचा: म्हाताऱ्या माणसाची कोणतीही नवी तक्रार आली की गेल्या काही महिन्यांत काय सुरू झालं किंवा कशाचा डोस वाढला हे आधी बघायचं, नव्या आजाराचा विचार त्याच्या बरोबरीने करायचा.

तुम्ही काय मोजायचं

संशय घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर उत्तर मिळेल "बघू". आकडे घेऊन जा.

आजींना पाच मिनिटं आडवं पडू द्या, बीपी घ्या. उभं करा, एक मिनिटाने घ्या, तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. शेजारी कुणीतरी धरायला हवं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय असं म्हणायचं. आजींचं आडवं असताना १३८/७६, एक मिनिटाने ११२/६८, तीन मिनिटांनी ११०/६६ आणि डोळ्यांपुढे अंधारी. बसवून एकदाच घेतलेल्या बीपीत यातलं काहीच दिसलं नसतं.

सूज बघताना दोन्ही पायांवर आहे का, बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो का, सकाळी कमी असते का ते लिहा. उशी लावल्याशिवाय झोपता येतं का, चालताना दम लागतो का, हे जरूर विचारा. हार्ट फेल्युअरची सूज असेल तर लघवीची गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं. आजींना आडवं झोपता येत होतं आणि दम नव्हता.

चालणं बघायला खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला लावा आणि सेकंद मोजा. बारा सेकंदांपुढे पडण्याचा धोका धरतात. आजींना एकतीस लागले. गोंधळ तपासायला लिहिता-वाचता न येणाऱ्या आजींना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. शनिवार, शुक्रवार, गुरुवार इथपर्यंत येऊन आजी पुन्हा शनिवारवर गेल्या.

मराठवाड्याच्या मे महिन्यात आणखी एक विचारायचं: पाणी किती पिता? पारा बेचाळीसला, टँकरचं पाणी, रात्री उठावं लागतं म्हणून आजी संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हत्या. टेल्मिसार्टन, फ्युरोसेमाइड आणि ॲसिक्लोफिनॅक ही तीन औषधं एकत्र किडनीवर तिहेरी मार करतात. एक तिचा आतला दाब कमी करतं, दुसरं अंगातलं पाणी काढतं, तिसरं तिच्याकडे जाणारी रक्तवाहिनी आवळतं. त्यात अंगात पाणी कमी असेल तर किडनी अचानक बसू शकते. ही त्रयी पिशवीत दिसली आणि लघवी कमी झाली असेल, उलट्या-जुलाब असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, पुढच्या भेटीची वाट बघायची नाही.

डॉक्टरांशी बोलताना

औषध बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचा आहे. तुम्ही स्वतः गोळी बंद करायची नाही, आणि "सर, ही गोळी चुकीची आहे" असंही म्हणायचं नाही, कारण मग बोलणं तिथेच संपतं. जे दिसलं ते क्रमाने सांगा:

"सर, आजींच्या पिशवीत ॲम्लोडिपिन दोन पाकिटांत आहे, मिळून १० मिग्रॅ होतंय. ॲसिक्लोफिनॅक नोव्हेंबरपासून रोज चालू आहे. त्याआधी बीपी १३६/८० होतं. उभं राहिल्यावर १३८ चं ११० होतंय. लेव्होसल्पिराइड डिसेंबरपासून आहे, सिनारिझिन फेब्रुवारीपासून, थरथर एप्रिलमध्ये सुरू झाली. वजन ४५, क्रिएटिनिन १.१, हिशेबाने ३२ येतंय. यातलं काही कमी करता येईल का, बघता का?"

अर्धं मिनिट लागतं. एवढं ऐकल्यावर यादी बाजूला सारणारे डॉक्टर मी फार थोडे बघितले आहेत. यादी तपासायला बिअर्सचे निकष असतात, मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा मांडलेले आणि २०२३ मध्ये सुधारलेले. आयर्लंडमधून आलेले स्टॉप-स्टार्ट निकषही आहेत. स्टार्टचा भाग विसरू नका. म्हाताऱ्या माणसाला लागणारं औषध दिलंच गेलं नाही, हाही औषध तपासणीतला दोष आहे.

कमी करण्याचा क्रम

साधारण रीत अशी की एका वेळी एकच औषध कमी करायचं, म्हणजे काही बिघडलं तर कशामुळे ते कळतं. धोका समोर उभा असेल तर डॉक्टर दोन-तीन एकदम थांबवतात, आणि तेव्हा तुमची देखरेख जास्त घट्ट हवी. आजींच्या बाबतीत तसंच झालं.

पहिल्या दिवशी ॲसिक्लोफिनॅक, फ्युरोसेमाइड आणि खाजगी चिठ्ठीवरची एकत्र गोळी थांबली. ॲम्लोडिपिन ५ राहिलं, कारण वेदनाशामक येण्याआधी तेवढ्यावरच बीपी ठीक होतं. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन पाठवलं. गुडघ्याला पॅरासिटामॉल ६५० जास्तीत जास्त तीनदा आणि वरून लावायचा जेल. ही अदलाबदल लगेच करायची असते. दुखण्यावर काहीच दिलं नाही तर चार दिवसांनी जुनं पाकीट पुन्हा मेडिकलमधून येतं.

त्याच आठवड्यात कॅप्सूलच्या जागी साधं रॅबेप्रॅझोल दिलं, म्हणजे लेव्होसल्पिराइड गेलं, आणि सिनारिझिनही बंद झालं. ॲसिडिटीची गोळी मात्र एकदम तोडली नाही. महिनोन्‌महिने घेतल्यावर ती अचानक थांबवली की काही दिवस आधीपेक्षा जास्त आम्ल सुटतं, माणसाला वाटतं गोळी लागतेच, आणि ती कायमची चिकटते. म्हणून चार आठवडे रोज, मग दिवसाआड, मग जळजळ झाली तरच. ट्रायहेक्सिफेनिडिल आधी दिवसातून एकदाच केलं आणि आठवड्यानं थांबवलं.

काही औषधं अचानक कधीच थांबवायची नसतात आणि ही यादी पाठ हवी: मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर, क्लोनिडिन, स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या, पार्किन्सनचं लेव्होडोपा, आणि अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळ्या. झोपेची गोळी काही वर्षांची असेल तर दर दोन आठवड्यांनी साधारण पाव भाग कमी करत नेतात, शेवटी शेवटी आणखी हळू. स्टेंट टाकलेल्या पेशंटच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीला तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

घरच्यांशी बोलताना

मुलगा म्हणाला, "सिस्टर, बीपीची गोळी जन्मभर घ्यायची म्हणून सांगितलंय की. आता बंद करून आईला काही झालं तर?" ही भीती खरी आहे, ती झटकू नका. गोळी कमी करणं म्हणजे आता उपचार सोडले, असं घरच्यांना वाटू शकतं, म्हातारीवर खर्च नको म्हणून कमी केलं असं भावकीही म्हणू शकते. मी असं सांगते: "दादा, बीपीची गोळी चालूच आहे. तीच गोळी दोन ठिकाणांहून येत होती, त्यातली एक थांबवली. दर आठवड्याला मी येऊन बीपी बघणार. वाढलं तर डॉक्टर परत सुरू करतील." नातवाला दोष जाईल असा एकही शब्द बोलायचा नाही. त्या पोरानं पाच महिने एक गोळी चुकू दिली नव्हती.

कोणत्या वेळी लगेच यायचं हेही आजच सांगायचं: दम लागला, आडवं झोपता येईना, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, छातीत दुखलं, लघवी थांबली, काळी शी झाली.

पुढचे आठवडे

पहिल्या आठवड्यात बीपी १४६/८० पर्यंत चढलं, घरच्यांचा जीव खालीवर झाला. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात आडवं १३८/७८, उभं १३०/७६. वेदनाशामकाचा परिणाम उतरायला तेवढे दिवस लागले. पायांची सूज तिसऱ्या आठवड्यात उतरली, लघवीच्या गोळीशिवाय. रात्री उठणं एक-दोनवर आलं. क्रिएटिनिन ०.९ झालं. ट्रायहेक्सिफेनिडिल सुटल्यावर दहा-बारा दिवसांत वार उलटे नीट म्हणता आले, शी मोकळी झाली.

थरथर मात्र हळू उतरते आणि इथेच घरचे धीर सोडतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. औषधामुळे आलेला पार्किन्सनिझम जायला आठवडे ते महिने लागतात, कधी सहा महिनेही. आजींचं चालणं आठ आठवड्यांत एकतीस सेकंदांवरून एकोणीसवर आलं, डावा हात स्थिर झाला, उजव्या हातात बारीक कंप राहिला. काही जणांमध्ये खरा पार्किन्सन आत सुरू झालेला असतो आणि औषधाने तो आधी उघडा पडतो. सहा महिन्यांनीही एका बाजूचा कंप राहिला तर न्यूरॉलॉजीच्या ओपीडीला पाठवायचं, आणि सोबत औषधांच्या तारखांचा कागद द्यायचा. तो नसेल तर तिथेही सुरुवात शून्यापासून होते.

आजींकडे आता मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, गरजेपुरतं पॅरासिटामॉल आणि जेल आहे. उलट्या-जुलाब झाले तर मेटफॉर्मिन थांबवून लगेच विचारायचं, हे नातवाला सांगून ठेवलंय. जुनी पाकिटं घरच्यांच्या परवानगीने मोजून पिशवीतून काढली, नाहीतर ती पेटीत जातात आणि "मागं याच्यानंच बरं वाटलं होतं" म्हणून परत बाहेर येतात. यादीच्या तीन प्रती केल्या: एक आजींच्या केसपेपरला टाचली, एक उपकेंद्रातल्या सीएचओंकडे दिली, एक गावातल्या मेडिकलवाल्याला दिली. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं की यादीबाहेरची दुखण्याची गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. पुढची पिशवी तपासणी दसऱ्यानंतर ठेवली आहे, मुलं कारखान्याकडे निघायच्या आत, कारण गोळ्या कोण देणार हे तेव्हा पुन्हा बदलतं.